सूखी की सुखी? फोटोतल्या पानावरून गाण्याचा अनुवाद

गाण्याच्या किंवा कवितेच्या पानाचा फोटो समोर ठेवून अनुवाद करायचा, तर काम तीन टप्प्यांत होते. आधी फोटोतली अक्षरे बिनचूक वाचून ओळी उतरवून घ्यायच्या, मग त्यांचा अर्थ साध्या गद्यात मांडायचा आणि शेवटी तो अर्थ दुसऱ्या भाषेच्या लयीत बसवायचा. मात्रा मोजणे हे सहसा या तिसऱ्या टप्प्याचे काम समजले जाते. खरे तर ते पहिल्याच टप्प्यात सुरू व्हायला हवे. फोटोत पुसट झालेला उकार डोळ्यांना दिसत नाही, पण ओळीच्या मापात त्याची तूट पडते आणि ती मोजता येते. म्हणून लय ही अनुवादाची सजावट नाही. मूळ पान बरोबर वाचले गेले की नाही, हे सांगणारी ती पहिली साक्षीदार आहे.

हे नीट समजण्यासाठी हिंदीतून मराठीत येणाऱ्या गाण्याचे उदाहरण सोयीचे आहे. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी आहे, मात्रा मोजण्याची पद्धत बरीचशी सारखी आहे आणि मराठी वाचकाला हिंदी कानाने ओळखीची आहे. नेमक्या याच ओळखीमुळे चुकाही सहज होतात.

पान आणि त्याचा फोटो

१९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि बोलपटांबरोबर गाणी घरोघरी पोहोचू लागली. पुढची अनेक वर्षे चित्रपटगृहांवर गाण्यांच्या छोट्या पुस्तिका विकल्या जात. त्यात चित्रपटाचे कथासार आणि गाण्यांचे शब्द असत. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने अशा पुस्तिका जपल्या आहेत. अनेक घरांत त्या जुन्या ट्रंकांमध्येही सापडतात. कागद स्वस्त आणि पातळ, छपाई घाईची, मध्ये पिन मारलेली. अशा पानाचा फोटो काढताना जे सुटते, ते पुढे अनुवादात कुणालाही भरून काढता येत नाही.

फोटोसाठी खिडकीतून बाजूने येणारा मंद उजेड चांगला. फ्लॅशमुळे कागद चकाकतो आणि बारीक उकार, अनुस्वार उडून जातात. पातळ पानामागची छपाई पुढे दिसत असेल, तर त्या पानाच्या मागे काळा कागद सरकवावा. मागची अक्षरे बहुतांशी नाहीशी होतात. मोबाइल पानाला समांतर धरावा. आधी पूर्ण पानाचा एक फोटो घ्यावा, मग प्रत्येक कडव्याचा जवळून एक. पुस्तिकेच्या मधल्या घडीत ओळींची टोके वळून आत जातात, म्हणून घडीच्या बाजूचा फोटो वेगळा, थोड्या तिरक्या कोनातून घ्यावा. ओळीचे शेवटचे अक्षर म्हणजे यमकाचे अक्षर. तेच हरवले तर कडव्याची बांधणी कळत नाही.

ओळी उतरवून घेताना

फोटोतले शब्द कागदावर उतरवताना ओळ जिथे तुटते तिथेच तोडावी आणि शंकास्पद अक्षराखाली खूण करावी. अंदाजाने अक्षर भरून पुढे गेले, की तो अंदाज थोड्याच वेळात खरा वाटू लागतो. पुस्तिकेत अंतरे बऱ्याचदा दोन रकान्यांत छापलेले असतात. फोटोतून मजकूर उचलणारी ॲप अशा वेळी कधी कधी डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ सलग वाचून टाकतात, त्यामुळे दोन अंतऱ्यांची खिचडी होते. ओळीपुढे छापलेला २ हा आकडा ओळ दोनदा म्हणायची एवढेच सांगतो, आणि ओळीचे पहिले दोन शब्द देऊन पुढे टिंबे असली तर तिथे धृवपद परत येते. या खुणा गाण्याच्या शब्दांत मिसळू देऊ नयेत.

जुन्या हिंदी छपाईत मराठी डोळ्यांना फसवणारी काही अक्षरे आहेत. ‘ख’ची दोन अंगे खाली जोडलेली नसली, तर ते अक्षर ‘रव’ असे दिसते. जुन्या उत्तरेकडच्या वळणाचा ‘झ’ हा ‘भ’सारखा दिसतो आणि ‘ण’ हा ‘रा’सारखा. ‘ड़’खालचा नुक्ता फोटोत गेला, तर हिंदीतला ‘खड़ा’, म्हणजे उभा, मराठी वाचकासमोर ‘खडा’ होऊन येतो. चंद्रबिंदूतली चंद्रकोर पुसली गेली, तर ‘हँस’ म्हणजे हसणे आणि ‘हंस’ म्हणजे पक्षी यांतला फरक नाहीसा होतो. पुष्कळ छापखाने चंद्रबिंदूच्या जागी नुसते टिंबच देत, त्यामुळे दोष नेहमी फोटोचाच असतो असेही नाही.

मात्रांची साक्ष

मात्रांचा नियम थोडक्यात असा. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. अक्षरावर उच्चारला जाणारा अनुस्वार असेल किंवा पुढे जोराने उच्चारले जाणारे जोडाक्षर येत असेल, तर लघू अक्षरही गुरू होते. चंद्रबिंदूने मात्र अक्षर जड होत नाही. म्हणून ‘हंस’च्या तीन मात्रा आणि ‘हँस’च्या दोनच. मराठीत माधव जुलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात या शास्त्राची विस्ताराने मांडणी केली आहे; पण गाण्याच्या अनुवादासाठी वरचे तीन-चार नियम पुरतात.

आता एक कडवे घेऊ. ते कोणत्याही चित्रपटातले नाही. या लेखात उदाहरण म्हणूनच रचलेले आहे.

सूखी नदिया, नाव अकेली,
रेत सुनाए जल की कहानी;
आस लगाए घाट खड़ा है,
कब लौटेगी चाल पुरानी।

समजा, फोटोत पहिल्या शब्दाखालचा ऊकार अस्पष्ट आहे आणि तो आखूड दिसतो. वाचणारा ‘सुखी नदिया’ असे वाचतो. अर्थ लागतो, आणि चांगला लागतो: नदी सुखात आहे, नाव मात्र एकटी आहे. एक सुखी, एक दुःखी, असा विरोध साधल्यासारखा वाटतो. मराठीत ‘सुखी’ हा शब्द रोजचा असल्यामुळे शंका यायचे कारणही उरत नाही. हा अनुवाद पुढे कितीही सुंदर झाला तरी पायाच चुकलेला असतो, कारण मूळ ओळीतली नदी सुखी नाही, सुकलेली आहे.

मात्रा मोजल्या की चूक उघडी पडते. तिसरी ओळ निर्विवाद वाचता येते, ती मोजून पाहावी. आ २, स १, ल १, गा २, ए २, झाल्या आठ. घा २, ट १, ख १, ड़ा २, है २, आणखी आठ. एकूण सोळा. चौथी ओळही सोळा मात्रांचीच भरते. आता पहिली ओळ ‘सुखी’ धरून मोजावी. सु १, खी २, न १, दि १, या २, म्हणजे सात. ना २, व १, अ १, के २, ली २, म्हणजे आठ. एकूण पंधरा. एक मात्रा कमी पडते, आणि ती पहिल्याच शब्दात पडते, कारण ओळीचा दुसरा अर्धा भाग पूर्ण आठ मात्रांचा आहे. ‘सूखी’ धरले की पहिला भागही आठचा होतो. पुसट उकाराचा निकाल अशा रीतीने भिंग न वापरता लागतो.

दुसरी ओळ मात्र सतरा मात्रांची भरते. रे २, त १, सु १, ना २, ए २. ज १, ल १, की २. क १, हा २, नी २. इथे वाचनात चूक शोधत बसू नये. हिंदी आणि उर्दू गीतांत का, की, के, में, से यांसारखे छोटे शब्द लिहिताना दीर्घ असले तरी म्हणताना आखूड होतात. ‘की’ लघू म्हटली की ओळ सोळाची होते. यावरून कामाचा एक ठोकताळा निघतो. ओळ एका मात्रेने कमी भरली, तर वाचनावर संशय घ्यावा. जास्त भरली, तर आधी असे छोटे शब्द तपासावेत आणि मगच वाचनाकडे वळावे.

मात्रा जिथे गप्प बसतात

ही साक्षीदार सगळेच सांगू शकत नाही. चौथ्या ओळीतल्या ‘लौटेगी’वरच्या दोन मात्रारेषांपैकी एक घडीत गेली, तर शब्द ‘लोटेगी’ होतो. ‘लौटना’ म्हणजे परतणे आणि ‘लोटना’ म्हणजे लोळणे. ‘लौ’ आणि ‘लो’ दोन्ही गुरू असल्यामुळे मापात काहीच बदल होत नाही. इथे अर्थ उपयोगी पडतो. जुनी चाल परत येते. ती लोळत नाही. शिवाय ‘कब’ हा प्रश्न आणि वाट पाहणारा घाट ‘परतणे’ हाच अर्थ मागतात.

तिसऱ्या प्रकारची शंका सर्वांत अवघड. दुसऱ्या ओळीतल्या ‘जल’च्या पहिल्या अक्षरावर शाईचा डाग पडला आहे, असे समजा. उरलेले अक्षर फक्त ‘ल’. तिथे ‘जल की कहानी’ बसते, तशीच ‘कल की कहानी’ही बसते. मात्रा सारख्याच. अर्थही दोन्हींचा जुळतो: वाळू पाण्याची गोष्ट सांगते, किंवा वाळू कालची गोष्ट सांगते. अशा वेळी डागाखाली काय आहे ते ना माप सांगते, ना अर्थ. दुसरी प्रत शोधणे किंवा गाण्याची ध्वनिमुद्रिका ऐकणे एवढाच मार्ग उरतो.

ध्वनिमुद्रिकेचा उपयोगही तारतम्याने करावा लागतो. व्यंजनाच्या बाबतीत ती भरवशाची असते. ‘ज’ आणि ‘क’ कानाला स्पष्ट वेगळे कळतात. स्वराच्या लांबीबाबत मात्र ती फसवते, कारण गायक सुरासाठी ऱ्हस्व अक्षरही लांबवतो. गाताना ‘सुखी’ आणि ‘सूखी’ यांत फरक राहीलच असे नाही. म्हणजे व्यंजनाची शंका कानाने सोडवावी आणि ऱ्हस्व-दीर्घाची मात्रांनी. छापलेले आणि गायलेले शब्द वेगळे निघाले, तर कोणता पाठ घेतला याची नोंद अनुवादाखाली करावी. आणि डागाचे उत्तर कुठेच मिळाले नाही, तर निवडलेला शब्द अंदाजाचा आहे, हेही त्याच नोंदीत सांगून टाकावे.

आधी गद्य अर्थ

ओळी पक्क्या झाल्यावर लगेच पद्यात उडी घेऊ नये. आधी साधा गद्य अर्थ लिहावा: नदी सुकली आहे आणि नाव एकटी पडली आहे. वाळू पाण्याची गोष्ट सांगते आहे. घाट आस लावून उभा आहे. जुनी चाल कधी परतेल, असे त्याला झाले आहे. हा मजकूर पुढे मापकाठीसारखा वापरायचा असतो. यमकाच्या किंवा मात्रेच्या ओढीने अनुवाद भलतीकडे गेला, तर तो किती दूर गेला हे या चार वाक्यांवरून कळते.

हिंदी आणि मराठी यांतले सारखे दिसणारे शब्द याच टप्प्यात तपासावे लागतात. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि ‘संसार’ म्हणजे जग. एवढे ढोबळ फरक बहुतेकांना ठाऊक असतात. खरा धोका असतो तो दोन्ही भाषांत अर्थ बराचसा सारखा, पण छटा वेगळी असलेल्या शब्दांचा. वरच्या कडव्यात असे दोन शब्द आहेत. हिंदीत ‘नाव’ म्हणजे होडी. मराठीत ‘नाव’ म्हणजे होडीही आणि माणसाचे नावही. ‘नाव एकटी’ असे लिहिले, तर स्त्रीलिंगी विशेषणामुळे होडी हा अर्थ कळतो, पण ऐकणारा क्षणभर अडखळतो. दुसरा शब्द ‘चाल’. इथे त्याचा अर्थ नदीची गती, तिचे वाहणे. मराठीत गाण्यामध्ये ‘जुनी चाल’ असा शब्द आला, की कुणालाही आधी गाण्याची चाल किंवा जुनी रूढी आठवेल. शब्द तोच ठेवला, तर चित्र बदलते.

याच वेळी प्रतिमांची क्रमवारी ठरवावी. कडव्यात चार चित्रे आहेत: कोरडी नदी, एकटी होडी, बोलणारी वाळू, वाट पाहणारा घाट. त्यांतली बोलणारी वाळू हे कडव्याचे काळीज आहे, कारण जे पाणी आता नाही त्याची आठवण वाळूच्या तोंडी दिली आहे. ते चित्र काहीही झाले तरी टिकले पाहिजे. होडीचे एकटेपण थोडे फिके झाले तरी चालेल. जुन्या चालीतला ‘जुनेपणा’ गेला, तरी परत येण्याची ओढ राहिली पाहिजे. कशावर पाणी सोडायचे हे आधी ठरवले, म्हणजे मात्रांच्या घाईत चुकीची वस्तू हातची जात नाही.

माप जुळले, ठेका चुकला

पहिल्या ओळीचा सहज सुचणारा अनुवाद असा होईल: ‘नदी कोरडी, नाव एकटी’. मोजून पाहिले तर न १, दी २, को २, र १, डी २, म्हणजे आठ. ना २, व १, ए २, क १, टी २, म्हणजे आठ. सोळा मात्रा बरोबर भरल्या, अर्थही जसाच्या तसा आला. तरीही मूळ चालीवर ही ओळ म्हणून पाहिली, तर ती अडते.

कारण ताल फक्त बेरीज पाहत नाही. मूळ ओळ चार-चार मात्रांच्या गटांनी चालते: सूखी, नदिया, नाव अ, केली. प्रत्येक गटाच्या सुरुवातीला टाळी पडते, आणि प्रत्येक टाळीला एक नवे अक्षर सुरू होते. मराठी ओळीत पहिली टाळी ‘न’वर पडते. पाचव्या मात्रेवरची टाळी मात्र ‘को’ या अक्षराच्या मध्यावर येते, कारण ‘को’ चौथी आणि पाचवी अशा दोन्ही मात्रा व्यापतो. ‘एकटी’तल्या ‘ए’चेही तसेच होते. ओळ तीन, तीन, दोन अशा गटांत मोडते. वाचताना हे खटकत नाही; गाताना गायकाला अक्षर ओढावे लागते किंवा टाळी सोडावी लागते.

म्हणून सोळा ही बेरीज पुरेशी नाही. ओळीचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा चार मात्रांचा आहे का, आणि कुठलेही गुरू अक्षर दोन तुकड्यांच्या सीमेवर तर आले नाही ना, हे पाहावे लागते. सोपा उपाय म्हणजे मांडीवर टाळी देत ओळ म्हणणे. जिथे हात पडतो तिथे तोंडात नवे अक्षर असले पाहिजे.

ओळीमागून ओळ

‘नदी’ या शब्दात लघूनंतर गुरू येतो, म्हणून त्याच्या पुढे एक लघू हवा, म्हणजे चारचा गट पुरा होतो. ‘नदीस’ असे केले की तो मिळतो. मग ‘नदीस कोरड’ ही जोडी समोर येते. घशाला कोरड पडते, तशी इथे नदीला पडली आहे. मूळ ओळीत नदी नुसती सुकलेली होती. मराठीत तिला तहान लागली. ही भर मराठीच्या वाक्प्रचारातून आपोआप आली, बाहेरून चिकटवलेली नाही. ‘सुकली सरिता’ असेही मापात बसले असते. पण मूळ ‘नदिया’ हे लोकगीताच्या तोंडचे रूप आहे आणि ‘सरिता’ हा पुस्तकी शब्द आहे. अर्थ सारखा असला तरी बोलणारा माणूस बदलला असता.

ओळीच्या उरलेल्या भागात ‘होडी उरली’. ‘नाव’ऐवजी ‘होडी’ घेतल्याने दुहेरी अर्थाचा अडथळा गेला आणि चारचा गटही सरळ मिळाला. ‘एकटी’ हा शब्द सुटला, पण ‘उरली’ या क्रियापदात मागे एकटे राहणे आहेच.

दुसऱ्या ओळीत ‘वाळू सांगे’ सहज बसते. प्रश्न ‘जल की कहानी’चा आहे. ‘पाण्याची कहाणी’ ठेवले, तर अकरा मात्रा होतात आणि जागा आठांचीच आहे. मराठीत ‘की’ आखूड म्हणण्याची सवलत नाही. दीर्घ स्वर छापला तर तो दीर्घच म्हटला जातो. मग मराठीची स्वतःची सोय वापरावी लागते. पाणकोंबडी, पाणबुडी, पाणवठा या शब्दांत ‘पाणी’चे ‘पाण’ होऊन ते पुढच्या शब्दाला जोडले जाते. त्याच रीतीने ‘पाणकहाणी’ असा शब्द घडवता येतो. पा २, ण १, क १, मग हा २, णी २. आठ मात्रा आणि टाळ्याही जागेवर. ‘कहाणी’ हा शब्दही मराठीत वेगळे वजन घेऊन येतो. श्रावणातल्या व्रतांच्या कहाण्या जशा दरवर्षी सांगायच्या असतात, तशी वाळू पाण्याची कहाणी सांगते आहे, हे मराठी कानाला न सांगता कळते.

तिसऱ्या ओळीत ‘आस लगाए’साठी ‘आस लावुनी’ सुचते, पण ते पुन्हा तीन, तीन, दोन असे मोडते. मराठीत आतुरतेने वाट पाहणारा माणूस डोळे लावून बसतो. म्हणून ‘घाट उभा हा लावुन डोळे’. इथे ‘लावून’चे ‘लावुन’ केले आहे. हिंदी गीत छपाई न बदलता उच्चार आखूड करते. मराठी पद्यात तो आखूडपणा छापूनच दाखवण्याचा प्रघात आहे. ही सवलत सगळीकडे घेता येत नाही. शब्द ओळखू येईल आणि म्हणताना खटकणार नाही, इतपतच ती शोभते.

चौथ्या ओळीचे यमक ‘कहाणी’शी जुळायला हवे. ‘धार पुराणी’ हा पर्याय मापात बसतो आणि मूळ शब्दाच्या जवळही आहे. पण ‘पुराणी’ मराठीत आज कुणी बोलत नाही; तो शब्द हिंदीची सावली घेऊन येतो. त्याऐवजी ‘केव्हा परतुन येइल पाणी’ ही ओळ कुणाच्याही तोंडी सहज बसते. मूळ ओळीप्रमाणे प्रश्नार्थक शब्द आरंभीच राहिला आणि ‘लौटेगी’ची ओढ ‘परतुन’मध्ये आली. पूर्ण कडवे असे झाले:

नदीस कोरड, होडी उरली,
वाळू सांगे पाणकहाणी;
घाट उभा हा लावुन डोळे,
केव्हा परतुन येइल पाणी.

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे, चार-चारच्या गटांत तुटते, आणि यमक मूळ कडव्याप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतच आहे.

काय आले, काय गेले

या अनुवादात झालेले नुकसान स्पष्ट सांगता येते. नदीला चाल असते, म्हणजे ती चालत असते, हे मूळ कडव्यातले नाजूक चित्र मराठीत उरले नाही. मूळ कवी पाण्याचे नाव एकदाच घेतो आणि शेवटी ते न उच्चारता सुचवतो. मराठीत शेवटची ओळ पाण्याचे नाव उघड घेते. त्यामुळे अखेरचा प्रश्न सरळ झाला, थोडा मोकळाही झाला. बदल्यात तहानलेली नदी आणि व्रतकथेसारखी कहाणी मिळाली. वाळूचे चित्र, जे टिकवायचे ठरले होते, ते शाबूत आहे.

असा जमाखर्च अनुवादासोबत दोन-तीन ओळींत लिहून ठेवावा. काही वेळा तो तोट्याचाच निघतो. मूळ गाण्याचा सगळा जीव एखाद्या श्लेषात किंवा एकाच शब्दाच्या दोन अर्थांत असेल, तर मापात बसवण्याचा हट्ट सोडावा आणि मुक्त, ओळींना ओळी देणारा अनुवाद करावा. फक्त वाचण्यासाठी केलेल्या कवितेच्या अनुवादात टाळीचा हिशेब सैल ठेवता येतो, पण चित्रे आणि ओळींचा क्रम जपावा. गाण्यासाठी केलेल्या अनुवादात मात्र टाळी चुकवून चालत नाही.

शेवटची तपासणी दोन माणसांकडून करून घ्यावी. एकाने मूळ फोटो आणि उतरवलेल्या ओळी अक्षर-अक्षर ताडून पाहाव्यात. हे काम अनुवाद करणाऱ्याने स्वतः करू नये, कारण त्याला आता ओळी पाठ झालेल्या असतात आणि डोळा फोटोत नसलेलेही वाचतो. दुसऱ्याला मूळ कडवे न दाखवता फक्त मराठी कडवे द्यावे आणि चालीवर म्हणायला सांगावे. तो जिथे थांबेल किंवा शब्द बदलून म्हणेल, तिथे दुरुस्ती हवी.

एक गोष्ट कायद्याची. भारतात गीताचा हक्क गीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि अनुवाद करण्याचा अधिकारही त्याच हक्काचा भाग आहे. जुनी पुस्तिका घरात असली, तरी तिच्यातली गाणी त्यामुळे आपली होत नाहीत. अनुवाद छापायचा किंवा सभेत गायचा असेल, तर हक्कदाराची परवानगी घ्यावी आणि गीतकाराचे नाव अनुवादकाच्या नावाआधी द्यावे. मूळ फोटो, उतरवलेल्या ओळी, गद्य अर्थ आणि अनुवाद हे चारही कागद एकत्र ठेवावेत. पुढे कुणाला ‘सूखी’ की ‘सुखी’ असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर त्या कागदांत मिळाले पाहिजे.